अंतर्गोल आरसा: वस्तू नाभीकडे सरकताना प्रतिमेचा वस्तूसापेक्ष वेग कसा काढायचा

अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर २० सेंमी आहे. वस्तू आरशापासून ३० सेंमीवर आहे आणि मुख्य अक्षावरून सेकंदाला ५ सेंमी वेगाने आरशाकडे येते आहे. त्या क्षणी वस्तूच्या सापेक्ष प्रतिमेचा वेग किती?

नौपाड्यातल्या किंवा वाशी-नेरुळच्या अकरावी-बारावीच्या वर्गात हे गणित घातलं की वह्यांमध्ये चार वेगवेगळी उत्तरं सापडतात: १०, १५, २० आणि २५ सेंमी प्रति सेकंद. बरोबर उत्तर २५ आहे. बाकीची तीन उत्तरं आकडेमोडीच्या चुकीमुळे येत नाहीत. ज्याने विशालनाचा वर्ग केला नाही त्याचं उत्तर १० येतं. ज्याने आरशासापेक्ष वेग काढून तिथेच पेन ठेवलं त्याचं २०, आणि ज्याने दिशा न बघता २० मधून ५ वजा केले त्याचं १५. म्हणजे प्रत्येक चुकीला तिची ठरलेली जागा आहे. खाली हेच गणित टप्प्याटप्प्याने सोडवलं आहे आणि चूक जिथे होते तिथे थांबून तपासणी दिली आहे.

## टप्पा १: अक्षरं आणि चिन्हं आधी ठरवा

सूत्रात आकडे घालण्याआधी दोन मिनिटं इथे द्या. या प्रकरणात v हे अक्षर प्रतिमेच्या अंतरासाठी वापरतात आणि सवयीने वेगासाठीही तेच लिहिलं जातं. एकाच पानावर दोन्ही अर्थ आले की चौथ्या ओळीत अंतराच्या जागी वेग जाऊन बसतो. म्हणून अंतरं लहान अक्षरांत आणि वेग मोठ्या अक्षरांत लिहा: वस्तूचं अंतर u, प्रतिमेचं अंतर v, वस्तूचा वेग V_o, प्रतिमेचा वेग V_i, आरसा हलत असेल तर त्याचा वेग V_m.

आता चिन्हं. आरंभबिंदू आरशाच्या ध्रुवावर घ्या. आपाती प्रकाश ज्या दिशेने जातो ती दिशा धन. वस्तू आरशाच्या डावीकडे ठेवली तर उजवीकडची दिशा धन होते. त्यामुळे u ऋण, अंतर्गोल आरशासाठी f ऋण, वास्तव प्रतिमेसाठी v ऋण आणि आरशामागच्या आभासी प्रतिमेसाठी v धन.

अंतरांची ही चिन्हं बहुतेकांना पाठ असतात. वेगाला मात्र अंतराचंच चिन्ह देऊन टाकलं जातं, म्हणजे "वस्तू डावीकडे आहे, म्हणून तिचा वेगही ऋण". वेगाचं चिन्ह वस्तू कुठे आहे यावर ठरत नाही, ती कुठे चालली आहे यावर ठरतं. आपली वस्तू डावीकडे आहे पण आरशाकडे, म्हणजे उजवीकडे चालली आहे. म्हणून V_o = +५.

दिलेली माहिती चिन्हांसकट एका ओळीत मांडा: u = −३०, f = −२०, V_o = +५.

तपासणी: वस्तू आरशाकडे येत असेल तर एका सेकंदाने u चं मूल्य −३० वरून −२५ होईल. −२५ हा आकडा −३० पेक्षा मोठा आहे, म्हणजे u वाढतो आहे आणि V_o धनच हवा. चिन्हाबद्दल शंका आली की एक सेकंद पुढे जाऊन असं बघा.

## टप्पा २: त्या क्षणी प्रतिमा कुठे आहे ते काढा

आरशाचं सूत्र:

1/v + 1/u = 1/f

u आणि f ची मूल्यं घातली की v = −६० सेंमी येतं. म्हणजे प्रतिमा वास्तव आहे आणि आरशासमोर ६० सेंमीवर आहे. विशालन:

m = −v/u

इथे m = −२. प्रतिमा उलटी आणि दुप्पट उंचीची.

हा टप्पा सोपा असल्यामुळे त्यात वेळेची चूक नजरेआड होते. "२ सेकंदांनंतर प्रतिमेचा वेग किती" असं विचारलं असेल तर आधी २ सेकंदांनंतरचं u काढायचं आणि विशालन त्या u वरून काढायचं. सुरुवातीच्या क्षणाचं विशालन पुढच्या क्षणाला चालत नाही. आपल्या गणितात २ सेकंदांनी वस्तू बरोबर नाभीवर पोहोचते, तिथे तर विशालनाला मूल्यच उरत नाही.

## टप्पा ३: आरशासापेक्ष वेग

आरशाच्या सूत्राचं वेळेसापेक्ष विकलन करा. आरसा तोच असल्यामुळे f स्थिर आहे आणि उजवी बाजू शून्य होते:

−(1/v²)(dv/dt) − (1/u²)(du/dt) = 0

म्हणून

dv/dt = −(v²/u²)(du/dt)

v/u चा वर्ग म्हणजेच m². आरसा स्थिर असेल तर

V_i = −m² V_o

आपल्या गणितात m² = ४, म्हणून V_i = −२०. ऋण चिन्हाचा अर्थ प्रतिमा डावीकडे, म्हणजे आरशापासून लांब चालली आहे.

वर्ग का येतो हे समजून घेतलं तर १० हे उत्तर पुन्हा कधी येणार नाही. m सांगतो ती उंचीची पट, म्हणजे अक्षाला लंब असलेल्या लांबीची. वेग अक्षाच्या दिशेने आहे, आणि त्या दिशेने पट वेगळी पडते. वस्तू अक्षावर १ मिमी सरकली तर प्रतिमा या ठिकाणी साधारण ४ मिमी सरकते, २ मिमी नाही. अक्षावर आडवी ठेवलेली छोटी पिन प्रतिमेत बेढब लांब दिसते त्याचं कारणही हेच.

ऋण चिन्हाला स्वतःचा अर्थ आहे, ते सोडू नका. वर्ग नेहमी धन असतो, म्हणून V_i आणि V_o यांची चिन्हं नेहमी विरुद्ध येतात. वस्तू अक्षावर कुठेही असो, वास्तव प्रतिमा असो की आभासी, स्थिर आरशासमोर वस्तू आणि प्रतिमा कायम एकमेकींच्या विरुद्ध दिशांना सरकतात. उत्तरात दोघींची दिशा एकच आली तर चिन्ह कुठेतरी सुटलं आहे असं समजा.

## टप्पा ४: वस्तूसापेक्ष वेग

प्रश्नात जे विचारलं आहे ते खरं इथे येतं. वस्तूसापेक्ष प्रतिमेचा वेग म्हणजे प्रतिमेच्या वेगातून वस्तूचा वेग चिन्हासकट वजा करणं:

V_i − V_o = −m² V_o − V_o = −(m² + 1) V_o

आकडे घाला: −२० − (+५) = −२५ सेंमी प्रति सेकंद. नुसती चाल विचारली असेल तर २५. वेग विचारला असेल तर दिशाही लिहा: वस्तूवरून पाहिलं तर प्रतिमा आरशापासून लांब, सेकंदाला २५ सेंमीने जाते आहे.

वजाबाकीची क्रिया असूनही आकड्यांची बेरीज होते, कारण दोघी विरुद्ध दिशांना सरकतात. ठाण्याहून दोन लोकल एकाच वेळी सुटल्या, एक कल्याणकडे आणि दुसरी सीएसएमटीकडे, तर त्यांच्यातलं अंतर दोन्हींच्या चालींच्या बेरजेने वाढतं. इथेही तसंच आहे. १५ हे उत्तर फक्त दोघी एकाच दिशेला गेल्या असत्या तर आलं असतं, आणि स्थिर आरशात तसं होत नाही हे मागच्या टप्प्यात पाहिलं.

इशारा: प्रश्नात "प्रतिमेचा वेग" एवढंच असेल आणि आरसा स्थिर असेल तर उत्तर २०. "वस्तूच्या सापेक्ष" हे शब्द असतील तर २५. पर्यायांमध्ये दोन्ही आकडे हमखास असतात. त्यामुळे प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचूनच पर्याय निवडा.

## मधली तपासणी: दोघी जवळ येतात की लांब जातात?

सापेक्ष वेग ऋण आला म्हणून दोघींमधलं अंतर कमी होतं आहे असं थेट म्हणता येत नाही. त्यासाठी प्रतिमेचं स्थान वजा वस्तूचं स्थान, म्हणजे v − u, हेही बघावं लागतं. वस्तू आरशाकडे येत असताना सापेक्ष वेग पूर्ण प्रवासभर ऋणच राहतो, पण v − u चं चिन्ह वाटेत बदलतं.

वस्तू वक्रता केंद्राच्या बाहेर, समजा ६० सेंमीवर असेल तर प्रतिमा ३० सेंमीवर असते. v − u = +३०. धन राशी कमी होते आहे, म्हणजे दोघी जवळ येतात. वस्तू ३० वर आली की प्रतिमा ६० वर असते, v − u = −३०, आणि ऋण राशी आणखी ऋण होते आहे, म्हणजे दोघी लांब जातात. वस्तू नाभीच्या आत १० सेंमीवर गेली की प्रतिमा आरशामागे २० सेंमीवर असते, v − u पुन्हा +३०, आणि दोघी पुन्हा जवळ येतात.

वक्रता केंद्रावर, म्हणजे इथे ४० सेंमीवर, वस्तू आणि प्रतिमा अक्षावर एकाच ठिकाणी असतात. अंतर शून्य, म्हणून सापेक्ष वेगही शून्य असं उत्तर इथे फार मुलं लिहितात. तिथे m² = १ आहे, म्हणून सापेक्ष वेग −२ V_o, म्हणजे चाल १० सेंमी प्रति सेकंद. त्या क्षणी दोघी एकमेकींना ओलांडून जात असतात, थांबलेल्या नसतात.

## टप्पा ५: नाभीजवळ जाताना अंतर नाभीपासून मोजा

वस्तू नाभीकडे सरकत असताना प्रत्येक वेळी u वरून v, v वरून m अशी साखळी करत बसण्यात वेळ जातो आणि चुका वाढतात. वस्तूचं नाभीपासूनचं अंतर x घ्या. मग विशालनाचं मूल्य f भागिले x एवढंच राहतं, आणि वेगांच्या चाली अशा:

आरशासापेक्ष: (f²/x²) V_o

वस्तूसापेक्ष: (f²/x² + 1) V_o

इथे f, x आणि V_o ही फक्त मूल्यं आहेत, दिशा टप्पा ३ आणि ४ प्रमाणे ठेवायची. प्रतिमाही नाभीपासून मोजली तर तिचं अंतर f²/x येतं. वर घेतलेलाच आरसा आणि तोच ५ सेंमी प्रति सेकंद वेग घेऊन नाभीबाहेरच्या वस्तूसाठी आकडे असे येतात. अंतरं सेंमीमध्ये आणि चाली सेंमी प्रति सेकंदात आहेत.

| x | आरशापासून वस्तू | आरशापासून प्रतिमा | m² | आरशासापेक्ष चाल | वस्तूसापेक्ष चाल |
|---|---|---|---|---|---|
| ४० | ६० | ३० | ०.२५ | १.२५ | ६.२५ |
| २० | ४० | ४० | १ | ५ | १० |
| १० | ३० | ६० | ४ | २० | २५ |
| ५ | २५ | १०० | १६ | ८० | ८५ |
| २ | २२ | २२० | १०० | ५०० | ५०५ |
| १ | २१ | ४२० | ४०० | २००० | २००५ |

x निम्मा झाला की आरशासापेक्ष चाल चौपट होते. वस्तू एकसमान वेगाने येत असली तरी प्रतिमेचा वेग कधीच एकसमान नसतो. शेवटच्या दोन रकान्यांतला फरक मात्र सगळीकडे बरोबर ५ आहे, म्हणजे वस्तूचा स्वतःचा वेग. नाभीजवळ २००० आणि २००५ यांत फरक दिसत नाही, त्यामुळे तिथली उदाहरणं सोडवून स्वतःची पद्धत तपासली तर टप्पा ४ राहिल्याचं कळतच नाही. आरशापासून लांब, ६० सेंमीवर, तीच चूक उत्तर पाच पटींनी बिघडवते. पद्धत तपासायची तर वस्तू वक्रता केंद्राच्या बाहेर घेऊन तपासा.

वस्तू नाभीच्या आत असली तरी x नाभीपासूनच मोजायचा आणि चालीचं सूत्र तेच राहतं. आरशापासून १० सेंमीवरची वस्तू नाभीपासूनही १० सेंमीवर आहे, म्हणून चाल ३० सेंमीवरच्या वस्तूइतकीच: २० आणि २५. फरक फक्त प्रतिमेच्या जातीत. आतली वस्तू नाभीकडे सरकते तेव्हा ती आरशापासून लांब जात असते, V_o ऋण होतो, आणि आरशामागची आभासी प्रतिमा उजवीकडे, आणखी खोल पळते. सापेक्ष वेग +२५ येतो आणि दोघींमधलं अंतर वाढतं.

### एका सेकंदात प्रतिमा किती गेली?

वस्तू ३० सेंमीवरून २५ सेंमीवर येते त्या एका सेकंदात प्रतिमा ६० वरून १०० वर जाते, म्हणजे ४० सेंमी. टप्पा ३ मध्ये वेग २० आला होता, म्हणून काही जणांना सूत्रच चुकलं असं वाटतं. २० हा सेकंदाच्या सुरुवातीच्या क्षणाचा वेग आहे, सेकंदाच्या शेवटी तो ८० झालेला असतो. ४० ही त्या सेकंदाची सरासरी.

ही सरासरी २० आणि ८० यांची साधी सरासरी, म्हणजे ५०, का नाही? कारण दोन स्थानांमधली सरासरी चाल f² V_o/(x₁ x₂) येते. ती दोन टोकांच्या चालींचा भूमितीय मध्य असते: २० गुणिले ८० म्हणजे १६००, त्याचं वर्गमूळ ४०. वस्तूचा वेग एकसमान असेल आणि दोन्ही स्थानं नाभीच्या एकाच बाजूला असतील तर हे अचूक लागू पडतं. पुढे पडताळणीत याचाच उपयोग होतो.

### नाभीवर नेमकं काय?

x = ० ला सूत्र लावायचं नाही. परावर्तित किरण समांतर होतात, प्रतिमा अनंतावर जाते आणि वेगाला मूल्य उरत नाही. उत्तरात "वेग अनंत" असं लिहिण्यापेक्षा "वस्तू नाभीकडे जाईल तसा वेग अमर्याद वाढत जातो" असं लिहावं, ते बरोबर आहे.

मग प्रतिमा प्रकाशापेक्षा वेगाने जाते का, हा प्रश्न हुशार मुलं विचारतातच, आणि त्याला आकड्यांतच उत्तर द्यावं. आपल्या आरशात सूत्रातून प्रकाशाचा वेग निघायला x सुमारे २.६ मायक्रोमीटर असावा लागतो, आणि तेव्हा प्रतिमा १५ किलोमीटरहून लांब पडायला हवी. हाताएवढ्या आरशातून इतक्या लांब स्पष्ट प्रतिमा बनतच नाही, विवर्तनामुळे तिचा ठिपका त्याच्या खूप आधी पसरून जातो. शिवाय वस्तू सरकल्याची खबर तिथवर न्यायला प्रकाशाला वेळ लागतो, आणि तो वेळ आरशाच्या सूत्रात धरलेलाच नाही. सूत्राची मर्यादा तिथे संपते, सापेक्षतेचा नियम मोडत नाही.

## टप्पा ६: आरसाही हलत असेल तर

u आणि v दोन्ही आरशाच्या ध्रुवापासून मोजलेली आहेत. म्हणून टप्पा ३ चं सूत्र मुळात आरशासापेक्ष वेगांचं आहे:

V_i − V_m = −m² (V_o − V_m)

आपल्याच गणितात आरसा सेकंदाला २ सेंमीने वस्तूकडे येतो असं धरा. V_m = −२. वस्तूचा आरशासापेक्ष वेग ५ − (−२) = ७. प्रतिमेचा आरशासापेक्ष वेग −२८. जमिनीसापेक्ष प्रतिमेचा वेग −२८ + (−२) = −३०. वस्तूसापेक्ष −३० − ५ = −३५.

वस्तूसापेक्षच हवं असेल तर जमिनीपर्यंत उतरायची गरज नाही. −(m² + 1) ला आरशासापेक्ष ७ ने गुणा, −३५ थेट मिळतो. दोन्ही वाटांनी एकच उत्तर यायला हवं, आणि ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते.

इशारा: आरसा हलत असताना "वस्तू आणि प्रतिमा विरुद्ध दिशांना" हा नियम फक्त आरशावरून पाहिलं तरच खरा. जमिनीवरून दोघी एकाच दिशेलाही जाताना दिसू शकतात.

## टप्पा ७: वस्तू तिरकी चालली असेल तर

वेगाचे दोन भाग करा. अक्षाच्या दिशेच्या भागाला −m² ने गुणा, अक्षाला लंब भागाला m ने, चिन्हासकट. ५ चा वेग अक्षावर ४ आणि वर ३ असा विभागला तर m = −२ साठी प्रतिमेचे भाग −१६ आणि −६ येतात. वस्तूसापेक्ष −२० आणि −९, एकूण चाल सुमारे २१.९. वस्तू त्या क्षणी अक्षावर असेल तरच हे लागू आहे. अक्षापासून वर असेल तर m स्वतः बदलत असल्यामुळे लंब दिशेत आणखी एक पद मिळवावं लागतं.

## बेंचवर पडताळणी: घड्याळाशिवाय

चालत्या प्रतिमेमागे पडदा पळवून वेग मोजता येत नाही. त्याची गरजही नाही. टप्पा ५ मधल्या भूमितीय मध्याचा अर्थ असा निघतो की प्रतिमा जितकी सरकली त्याला वस्तू जितकी सरकली त्याने भागलं, की दोन टोकांच्या विशालनांचा गुणाकार मिळतो. विशालन प्रतिमेच्या उंचीवरून वेगळं मोजता येतं. त्यामुळे दोन स्वतंत्र मोजमापं समोरासमोर ठेवता येतात.

लागणारं सामान: २० सेंमी नाभीय अंतराचा, साधारण ५ सेंमी व्यासाचा आरसा, दीड मीटरचा ऑप्टिकल बेंच, बारीक एलईडी टॉर्च, काळा कागद, ट्रेसिंग पेपर आणि पडद्यावर चिकटवलेला आलेख कागद.

वस्तू: मेणबत्ती नको, पंख्याखाली ज्योत हलते. उघडा एलईडीही नको, कारण चमकणारी चकती प्लास्टिकच्या टोपीच्या आत काही मिलिमीटर असते आणि u नेमका कुठून मोजायचा ते कळत नाही. काळ्या कागदात १ सेंमी उंचीचा बाण कापा, मागे ट्रेसिंग पेपर लावा आणि तो टॉर्चच्या तोंडावर बसवा. आता वस्तूचं प्रतल म्हणजे कागदाचं प्रतल.

जागा: बाणाचा मध्य अक्षाच्या सुमारे दीड सेंमी खाली ठेवा. वास्तव प्रतिमा अक्षाच्या वर पडते आणि आरशाकडून येणारा प्रकाश टॉर्चच्या डोक्यावरून पडद्याकडे जातो. बाण अक्षावरच ठेवला तर टॉर्च स्वतःच्याच प्रतिमेचा प्रकाश अडवते.

नाभीय अंतर: लांबच्या देखाव्याची प्रतिमा कागदावर घेऊन f काढायची सवय सगळ्यांना असते. खिडकीतून येऊरचे किंवा पारसिकचे डोंगर दिसत असतील तर ही पद्धत उत्तम. पण सोसायटीच्या खिडकीतून बहुतेक वेळा समोरची इमारतच दिसते. ती १० मीटरवर असेल तर प्रतिमा २० सेंमीऐवजी सुमारे २०.४ सेंमीवर पडते. ४ मिमी किरकोळ वाटतात, पण f चुकून २०.४ धरला तर २५ सेंमीवरच्या वस्तूसाठी m² हा १६ ऐवजी जवळजवळ १९.७ येतो. वस्तू नाभीजवळ असताना x हा दोन जवळच्या आकड्यांमधला लहान फरक असतो, म्हणून f मधली छोटी चूक तिथे मोठी होते. त्यापेक्षा बाण पुढेमागे करून तो आणि त्याची तेवढ्याच उंचीची उलटी प्रतिमा एकाच अंतरावर आणा. ते अंतर २f.

इशारा: f काढताना आरसा सूर्याकडे धरू नका. कागद पेटतो, आणि डोळ्याला इजा होते.

वाचनं: वस्तू ३५, ३० आणि २५ सेंमीवर ठेवा. दर वेळी पडदा सरकवून प्रतिमा स्पष्ट करा, v मोजा आणि बाणाच्या प्रतिमेची उंची आलेख कागदावर वाचा. प्रतिमा साधारण ४६.७, ६० आणि १०० सेंमीवर पडायला हव्यात आणि उंची १.३, २ आणि ४ सेंमी यायला हवी. ३० ते २५ या टप्प्यात प्रतिमा ४० सेंमी सरकली आणि वस्तू ५, गुणोत्तर ८. विशालनांचा गुणाकार २ गुणिले ४, तोही ८. ३५ ते ३० साठी दोन्हीकडून सुमारे २.७ मिळेल.

वस्तूसापेक्ष हवं असेल तर त्याच वाचनांतून दोघींमधलं अंतर काढा. ३० वर ते ३० सेंमी, २५ वर ७५ सेंमी. वस्तू ५ सेंमी सरकताना अंतर ४५ ने वाढलं, गुणोत्तर ९. म्हणजे ८ अधिक १. टप्पा ४ मधला तो १ इथे मोजपट्टीवर दिसतो.

आकडे जुळले नाहीत तर: आधी वस्तूचं स्थान तपासा. २५ सेंमीवर बाण १ मिमी चुकला तर प्रतिमा सुमारे १.६ सेंमी सरकते, कारण चुकीलाही m² चाच गुणाकार लागतो. मग पडद्याकडे या. १०० सेंमीवर येणारा प्रकाशाचा शंकू इतका निमुळता असतो की पडदा १ सेंमी पुढेमागे केला तरी कड जेमतेम अर्धा मिमी धूसर होते. म्हणून प्रतिमा दोन्ही बाजूंनी धूसर होऊ लागते ती स्थानं वाचा आणि त्यांचा मध्य घ्या. पावसाळ्यात एसी खोलीतून आणलेला आरसा दमट प्रयोगशाळेत काही मिनिटं वाफेने झाकला जातो, तेव्हा वाचनं घेऊ नका, आरसा पुसण्याऐवजी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आणि v फक्त २५ सेंमीच्या वाचनातच जुळत नसेल, पण विशालन नीट ४ येत असेल, तर चूक पडद्यात आहे. v आणि विशालन दोन्ही एकाच बाजूला चुकत असतील तर ती बाणाच्या स्थानात किंवा f मध्ये आहे.